जुना मोबाईल विकण्याआधी: बॅकअप, साइन आउट आणि रीसेट याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने मोबाईल घेणं-विकणं आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम. काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. भर अँड्रॉइडवर आहे, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक फोन तेच असतात. आयफोनचं प्रश्न 9 मध्ये. मेनूची नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. सापडलं नाही तर `Settings` उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत `reset` किंवा `accounts` टाइप करा.

1. आधी काय करायचं, नंतर काय? क्रम चुकला तर बिघडतं का?

बिघडतं, आणि बहुतेक वेळा क्रमामुळेच बिघडतं. आधी बॅकअप. मग नवीन फोन चालू करून त्यात व्हॉट्सॲप, फोटो, नंबर, बँकेचे ॲप सगळं उघडून बघायचं. मग जुन्या फोनमधून अकाउंट काढायचे. रीसेट अगदी शेवटी, आणि सिम व मेमरी कार्ड त्याआधी बाहेर. जमलं तर नवीन फोन आल्यावर जुना आठवडाभर घरात राहू द्या. त्या आठवड्यात "अरे, ते कुठं गेलं?" असं दोन-तीनदा तरी होतंच. दुकानात उभं राहून, एक्स्चेंजची घाई चालू असताना बॅकअप घेणाऱ्यांचंच काहीतरी राहून जातं.

2. गूगलचा बॅकअप चालू आहे असं दिसतंय. मग सगळं आलं ना त्यात?

नाही. त्या बॅकअपमध्ये ॲपची यादी आणि त्यांचा थोडा डेटा, एसएमएस, कॉलची नोंद आणि फोनच्या सेटिंग जातात. फोटो गूगल फोटोजमधून वेगळे जातात, तेही तिथं बॅकअप चालू असेल तर. आणि सहसा फक्त कॅमेऱ्याचे. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर हातानं चालू करावे लागतात: गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये `Back up device folders`. आवाजाची रेकॉर्डिंग, कॉल रेकॉर्डिंग, डाउनलोड केलेले पीडीएफ, कंपनीच्या स्वतःच्या नोट्स ॲपमधलं लिखाण यांचा तर कुणी वालीच नसतो.

उपाय साधा आहे. फोन केबलनं कॉम्प्युटरला लावा, फोनवर `File transfer` निवडा आणि `DCIM`, `Pictures`, `Download`, `Documents`, `Recordings` हे फोल्डर उचलून घ्या. कॉपी झाल्यावर त्यातल्या पाच-सहा फायली कॉम्प्युटरवर उघडून बघा, नुसता फोल्डर दिसला म्हणून समाधान मानू नका.

अजून एक. फोन बंद करून कपाटात ठेवलात तर गूगलवरचा त्याचा बॅकअप कायमचा राहत नाही. 57 दिवस फोन वापरात नसेल तर तो पुसला जाऊ शकतो. "दिवाळीत नवीन घेतला, जुना मार्चमध्ये विकू" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

3. नंबर सगळे सेव्ह आहेत, पण नवीन फोनमध्ये अर्धेच आले. बाकीचे कुठं गेले?

ते गूगलमध्ये नव्हतेच. नंबर सेव्ह करताना फोन विचारतो: गूगल, फोन की सिम? एकदा कधीतरी "फोन" निवडलं गेलं की पुढचे सगळे तिथंच जात राहतात, आणि रीसेटमध्ये पुसले जातात. जुना फोन अजून हातात असेल तर कॉन्टॅक्टस् ॲपमध्ये जाऊन सगळे नंबर `.vcf` फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. ती फाइल स्वतःलाच ईमेल करा आणि नवीन फोनमध्ये उघडा. नंतर ब्राउझरमध्ये `contacts.google.com` उघडून आकडा जुळवा.

4. व्हॉट्सॲपचं काय? चॅट जायला नकोत.

सगळ्यात जास्त रडारड इथंच होते, म्हणून एक उदाहरण नीट सांगतो.

गेल्या वर्षी एक शिक्षिका आल्या. फोन 64 जीबीचा, गळ्यापर्यंत भरलेला. "व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज रात्री होतो," म्हणाल्या. `Settings > Chats > Chat backup` उघडून दाखवलं, तर शेवटच्या बॅकअपची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची! कारण लगेच सापडलं. गूगल फुकट देतं 15 जीबी, त्यात जीमेल, फोटो, ड्राइव्ह सगळं आलं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी या हिशोबात धरत नव्हते, 2024 पासून धरतात. बाईंचे 13.2 जीबी भरलेले होते आणि व्हॉट्सॲप होतं 19 जीबी. उरलेल्या 1.8 जीबीत ते बसणार कसं? बॅकअप रोज रात्री सुरू होत होता आणि अर्ध्यावर थांबत होता.

`Include videos` बंद केलं तरी आकडा बसेना. मग ड्राइव्हचा नाद सोडून थेट फोनवरून फोनवर घेतलं. दोन्ही फोन चार्जिंगला लावले, वायफाय आणि लोकेशन चालू केलं. नवीन फोनवर त्याच नंबरानं व्हॉट्सॲप सुरू केलं, जुन्या फोनवर `Settings > Chats > Transfer chats` मध्ये जाऊन नवीन फोनवरचा क्यूआर स्कॅन केला. चाळीसेक मिनिटं लागली. कॉलची यादी येत नाही या पद्धतीत, बाकी फोटो-व्हिडिओसकट चॅट आले. बाईंना तिथंच बसवून तीन जुने चॅट 2019 पर्यंत वर सरकवून बघायला लावले. आपण शेवटचा मेसेज दिसला की खूश होतो आणि मधला खड्डा महिन्यानं कळतो.

जुना फोन अँड्रॉइड आणि नवीन आयफोन असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथं ॲपलचं `Move to iOS` ॲप वापरावं लागतं, आणि आयफोन नवाकोरा किंवा रीसेट केलेला असायला लागतो. आयफोन वापरायला सुरुवात केली आणि मग आठवण झाली, तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याला पर्याय नाही.

ज्यांनी बॅकअपला पासवर्ड लावलाय त्यांनी तो आत्ता, जुना फोन हातात असताना, आठवतोय का बघावं. विसरला असेल तर जुन्या फोनवरून बदलता येतो. फोन पुसल्यावर तो बॅकअप ना तुम्हाला उघडतो ना व्हॉट्सॲपला.

5. फोन विकायचाय म्हणून आधी गॅलरीतले फोटो आणि नंबर एकेक करून डिलीट करतोय. बरोबर ना?

थांबा, डिलीट करू नका! अकाउंट चालू असताना तुम्ही गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला की तो गूगलवरूनही जातो, नवीन फोनमधूनही जातो. नंबरांचंही तसंच, आणि आयफोनवर आयक्लाउडचंही तसंच. एका गिऱ्हाईकानं रात्रभर बसून लग्नाचे फोटो "फोन साफ करायला" काढले, आणि सकाळी बायकोच्या टॅबमधूनही ते गायब. साठ दिवस ते ट्रॅशमध्ये राहतात म्हणून परत मिळाले.

हातानं काहीच काढायचं नसतं. अकाउंट काढायचा आणि रीसेट मारायचा, बाकी सगळं आपोआप जातं.

6. यूपीआय, बँकेचे ॲप, ओटीपीचं ॲप यांचं काय करायचं?

यूपीआय तुमच्या सिमला आणि फोनला बांधलेलं असतं. नवीन फोनमध्ये सिम टाकून ॲप सुरू केलं की ते एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी करतं. पिन जुनाच चालतो. पहिले 24 तास मात्र एकूण 5000 रुपयांच्या वर पैसे पाठवता येत नाहीत, तेव्हा घरभाड्याच्या दिवशी फोन बदलू नका. जुन्या फोनमधलं यूपीआय रीसेटनं जातं.

इथं एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. नवीन फोनला नॅनो सिमऐवजी ई-सिम घेतलं, किंवा सिम खराब म्हणून बदलून घेतलं, तर सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद राहतात. म्हणजे ओटीपीही नाही आणि यूपीआयची नोंदणीही नाही. तोपर्यंत जुना फोन पुसलेला असेल तर एक दिवस तुम्ही हात बांधून बसता. सिम बदलायचं असेल तर ते आधी उरकून घ्या आणि एसएमएस यायला लागल्यावर बाकीच्या कामाला लागा.

गूगल ऑथेंटिकेटरसारखं सहा आकड्यांचे कोड देणारं ॲप वापरत असाल तर तो सगळ्यात नाजूक भाग. ते सिमवर चालत नाही, फोनमधल्या गुप्त किल्लीवर चालतं. ॲपमध्ये `Transfer accounts` आहे, त्यातून क्यूआर दाखवून नवीन फोनमध्ये घ्या आणि नवीन फोनचा कोड वापरून एकदा खरंच लॉगिन करून बघा.

7. अकाउंट वेगळा काढायची काय गरज? रीसेटनं सगळं जातंच की.

डेटा जातो, कुलूप राहू शकतं. अँड्रॉइड 5.1 पासून फोन चोरीला जाऊ नये म्हणून एक सोय आहे, तिला एफआरपी म्हणतात. बटणं दाबून फोन पुसला तर चालू झाल्यावर तो आधीच्या मालकाचा गूगल अकाउंट किंवा आधीचा पिन मागतो. चोराला अडवायला आहे, पण अडकतो गिऱ्हाईक. `Settings` मधून पिन टाकून रीसेट केलं तर पुष्कळ फोनमध्ये हे कुलूप आपोआप सुटतं, पण भरवशावर राहू नका.

म्हणून आधी `Settings > Passwords & accounts` किंवा `Accounts` मध्ये जाऊन गूगलचे सगळे अकाउंट `Remove account` करा. सगळे म्हणजे मुलानं गेमसाठी टाकलेलाही. सॅमसंग असेल तर सॅमसंग अकाउंट, शाओमी-रेडमी असेल तर शाओमी अकाउंट वेगळा साइन आउट करा. त्यांचं स्वतःचं कुलूप असतं आणि ते गूगलचा अकाउंट काढून निघत नाही.

पासवर्ड आठवत नाही म्हणून कालच बदललाय? मग रीसेटआधी 24 तास थांबा, असं गूगलचंच सांगणं आहे. लगेच पुसून बसलात आणि फोननं अकाउंट मागितला, तर नवीन पासवर्ड टाकूनही तो अडवू शकतो.

8. रीसेट नक्की कसा करायचा आणि झाला हे कसं ओळखायचं?

बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या. सिम आणि मेमरी कार्ड काढा. घड्याळ किंवा इअरबड जोडलेले असतील तर ते फोनपासून तोडा. नाहीतर काही घड्याळं जुन्या फोनचीच वाट बघत बसतात आणि त्यांनाही रीसेट करावं लागतं. मग `Settings > System > Reset options > Erase all data`. सॅमसंगमध्ये `General management > Reset > Factory data reset`. ई-सिम असेल तर तेही पुसायचं का असं विचारतो. नंबर नवीन फोनमध्ये चालू झाला असेल तरच हो म्हणा.

रीसेट झाला की फोन भाषा विचारतो. बहुतेक लोक इथं बंद करून देतात. मी म्हणतो, दोन पावलं पुढं जा. वायफाय न जोडता पुढे सरका. `Skip` किंवा ऑफलाइन सुरू करायचा पर्याय मिळाला आणि कुठलाही अकाउंट न टाकता मुख्य स्क्रीन आली, तर कुलूप सुटलं. वायफाय जोडल्याशिवाय हलतच नसेल आणि जोडल्यावर आधीचा अकाउंट किंवा पिन मागत असेल, तर सुटलेलं नाही. त्यात तुमचाच अकाउंट टाका, आत जाऊन तो काढा आणि पुन्हा रीसेट करा. दुकानदारही हेच करून बघतो आणि त्यावर भाव ठरवतो.

9. आयफोनसाठी हेच सगळं का?

तत्त्व तेच, काम थोडं सोपं. बॅकअप आयक्लाउडवर किंवा कॉम्प्युटरवर घ्या. मग `Settings` मध्ये सगळ्यात वर तुमचं नाव, त्यात खाली `Sign Out`, पासवर्ड टाकला की `Find My` बंद होतं. नंतर `General > Transfer or Reset iPhone > Erase All Content and Settings`. साइन आउट राहिलं तर ॲक्टिव्हेशन लॉक राहतो आणि नवीन मालकाला फोन उघडत नाही. ॲपल वॉच असेल तर फोन पुसण्याआधी ते अनपेअर करा, त्याचा ताजा बॅकअप तेव्हा आपोआप तयार होतो.

10. फोन विकून झाला आणि आता घेणारा सांगतोय की फोन माझा अकाउंट मागतोय. घरबसल्या काही करता येईल?

आयफोन असेल तर हो. `icloud.com/find` उघडा, तो फोन पुसा आणि यादीतून काढून टाका, कुलूप जातं. अँड्रॉइडमध्ये असं होत नाही. गूगलच्या सिक्युरिटी पानावर जाऊन `Your devices` मधून साइन आउट केलं तरी एफआरपी जागचा हलत नाही. तुम्हाला प्रत्यक्ष जाऊन, स्वतःच्या हातानं पासवर्ड टाकावा लागतो. आत गेल्यावर अकाउंट काढायचा आणि पुन्हा रीसेट.

फोनवरून पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नका, घेणारा कितीही सज्जन असला तरी. माझ्या ओळखीतल्या एकानं सांगितला होता. फोन सुटला, पण घेणाऱ्याच्या फोनमध्ये ह्याचे सगळे ईमेल उतरले आणि ते कळायला चार दिवस गेले.

11. रीसेट केल्यावर कुणी सॉफ्टवेअर लावून फोटो परत काढू शकतं का? नंतर मोठे व्हिडिओ भरून पुन्हा पुसायचं म्हणतात.

आताच्या फोनला त्याची गरज नाही. अँड्रॉइड 10 किंवा पुढची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेला फोन सगळा डेटा कुलूपबंद करूनच साठवतो. 2015 च्या अँड्रॉइड 6 नंतरच्या बऱ्याच फोनचंही तसंच. रीसेटमध्ये मुख्य किल्ली नष्ट होते, मग चिपवर उरलेलं काही असलं तरी तो निव्वळ कचरा.

ही व्हिडिओ भरायची युक्ती आली कुठून, तर खऱ्या अडचणीतून. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये 21 सेकंडहँड अँड्रॉइड फोन तपासले, आवृत्ती 2.3 ते 4.3. रीसेट केलेल्या फोनमधूनही त्यांना मेसेज, फोटो आणि अकाउंटच्या किल्ल्या मिळाल्या होत्या. तेव्हा कपाटात त्या काळातला फोन असेल तर रीसेट करा, अकाउंट न टाकता कॅमेऱ्यानं मेमरी भरेपर्यंत व्हिडिओ काढा आणि पुन्हा रीसेट करा. खरं तर त्या फोनला दोन-तीनशेच्या वर कुणी देत नाही. मी तर म्हणेन, ठेवा अलार्म लावायला.

12. मेमरी कार्ड काढून घेतलं, पण आता दुसऱ्या फोनमध्ये वाचलंच जात नाही!

दोन शक्यता. कार्ड टाकताना "फोनची अंतर्गत मेमरी म्हणून वापरा" असं निवडलं असेल, किंवा सॅमसंगमध्ये कार्ड एनक्रिप्ट केलं असेल. दोन्हीत किल्ली फोनमध्ये असते. फोन रीसेट झाला की किल्ली गेली, आणि कार्डावरचं परत येत नाही. म्हणून रीसेटआधी कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. वाचलं नाही तर परत जुन्यात घाला, कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मग पुढं जा.

13. डिस्प्ले फुटलाय, टच चालत नाही. पुसणार कसा?

दिसतंय पण टच मेलाय, तर ओटीजी कनेक्टर लावून साधा माऊस जोडा. बाण उमटतो आणि प्रश्न 7 व 8 मधलं सगळं माऊसनं करता येतं. ओटीजीचा तुकडा शंभर-दीडशेला मिळतो.

दिसतच नसेल पण फोन चालू असेल आणि नेट असेल, तर दुसऱ्या फोनवरून गूगलच्या `Find Hub` मध्ये जाऊन लांबून पुसता येतो. यानं डेटा जातो, पण एफआरपीचं कुलूप राहतं. घेणाऱ्याला हे आधीच सांगा आणि डिस्प्ले बदलल्यावर तुमचा अकाउंट टाकायला जावं लागेल हे धरून चाला. बटणं दाबून रिकव्हरीतून पुसलं तरी हेच होतं. चांगला भाव हवा असेल तर आधी डिस्प्ले बदलणं परवडतं का ते विचारा. पुष्कळ वेळा परवडत नाही.

14. फोन हप्त्यावर घेतलाय, किंवा कंपनीनं दिलेला आहे. विकता येईल का?

हप्त्यावरच्या बऱ्याच फोनमध्ये वित्तसंस्थेचं लॉक टाकलेलं असतं आणि ते रीसेटनं निघत नाही. कर्ज फेडा, लॉक काढल्याची खात्री करा, ना हरकत पत्र घ्या, मग विका. ऑफिसच्या फोनचं तसंच: चालू केल्यावर पडद्यावर "हा फोन संस्थेचा आहे" अशा अर्थाचं काही आलं, तर तो आयटी विभागानं त्यांच्या बाजूनं सोडल्याशिवाय उपयोगाचा नाही.

15. विकताना कागदपत्रं काय ठेवायची?

पुसण्याआधी `*#06#` डायल करून आलेल्या आयएमईआयचा फोटो नवीन फोननं काढा. दोन सिमचा असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही घ्या. साध्या कागदावर तारीख, रक्कम, आयएमईआय, घेणाऱ्याचं नाव आणि सही, खाली तुमची सही. घेणाऱ्यालाही सांगा की `KYM`, मग एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय असा एसएमएस 14422 वर टाकला तर फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. मूळ बिल असेल तर द्या, पण आधी त्याची झेरॉक्स काढा, आणि डब्याच्या आत चिकटून राहिलेल्या जुन्या सिमच्या कार्डावर पिन-पीयूके छापलेले असतात, ते कार्ड काढून घ्या.